फॉरवर्ड बुक केलं, पण गिऱ्हाइकाचे पैसे वेळेवर आले नाहीत

भोसरी एमआयडीसीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचे हिशेब बघायला लागलो, तेव्हाची ही गोष्ट. हिशेब कळावा म्हणून आकडे गोल करून सांगतो.

ऑर्डर १ लाख डॉलरची, माल अमेरिकेला जाणार आणि पैसे तीन महिन्यांनी येणार. स्टील, मजुरी, पॅकिंग, भाडं सगळं धरून खर्च ८१ लाख रुपये. त्या दिवशी डॉलर ८५ ला होता, म्हणजे ४ लाख सुटत होते. डॉलर ८१ वर उतरला असता तर हातात काहीच उरलं नसतं.

आमच्या साहेबांनी फॉरवर्ड करायला, म्हणजे पुढे येणारे डॉलर कोणत्या भावाने विकायचे हे बँकेशी आजच पक्कं करायला, बँकेच्या डीलरला फोन लावायला सांगितला. तीन महिन्यांनंतरचा भाव मिळाला ८५.४०. वरचे ४० पैसे म्हणजे प्रीमियम. मला आधी वाटलं, डॉलर वाढणार असा बँकेचा अंदाज असेल. तसं नसतं. रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त असतं आणि तो फरक या भावात येतो. पर्चेस ऑर्डर दाखवली, करार झाला. ८५ लाख ४० हजार पक्के. पुढे डॉलर ८३ झाला तरी तेवढेच आणि ८७ झाला तरी तेवढेच. वरच्या फायद्यावर पाणी सोडायचं, हे सही करण्याआधीच मनाशी ठरवायला हवं.

तारीख आली तेव्हा डॉलर खरंच ८७ ला होता आणि गिऱ्हाइकाने कळवलं, पैसे महिनाभर उशिरा येतील. इथे नवी माणसं गडबडतात, मीही गडबडलो. डॉलर द्यायचं आपण कबूल केलेलं असतं, ते नसतील तर करार रद्द करावा लागतो. म्हणजे ८५.४० ने विकायचे कबूल केलेले डॉलर त्या दिवशीच्या भावाने बँकेकडूनच विकत घ्यायचे. बँकेने ८७.०५ चा भाव लावला आणि फरकाचे १ लाख ६५ हजार आमच्या खात्यातून गेले. मी हबकलो. साहेबांनी लगेच पुढच्या महिन्याचा नवा करार ८७.१० ने करायला लावला. पैसे आले तेव्हा ८७ लाख १० हजार मिळाले. त्यातून आधीचे १ लाख ६५ हजार वजा करा, उरतात ८५ लाख ४५ हजार. म्हणजे भाव हातचा गेला नव्हता, फक्त महिनाभर रोख रक्कम अडकली. ऑर्डरच रद्द झाली असती तर मात्र ते पैसे कायमचे गेले असते, कारण महागलेले डॉलर आमच्याकडे येणारच नव्हते.

म्हणून आता अशा गिऱ्हाइकाच्या सगळ्या रकमेचं फॉरवर्ड मी करत नाही, साधारण ७० टक्क्यांचंच करतो. आणि एकच तारीख न धरता महिनाभराची मुदत मागतो, त्या महिन्यात कधीही डॉलर दिले तरी चालतात. बँक प्रीमियम मात्र मुदतीच्या पहिल्या दिवसापर्यंतचाच देते, म्हणून भाव काही पैशांनी कमी मिळतो. डीलरशी बोलताना ही तारीख आधी विचारा, भाव नंतर.