लायसन्सवर एकच तारीख नसते: नूतनीकरण किंवा नवा वर्ग जोडण्याआधी या चुका टाळा

माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी जूनमध्ये मोठा ट्रक चालवण्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. त्याला वाटलं, आरटीओत कुणीतरी मुद्दाम अडवतंय. तो कार्ड घेऊन माझ्याकडे आला आणि पुढची बाजू दाखवत म्हणाला, "दादा, हे बघ, २००६ सालचं लायसन्स आहे माझं. एकोणीस वर्षं झाली, आणि हे म्हणतात एक वर्षाची अट पूर्ण नाही!"

मी कार्ड उलटं केलं. मागच्या तक्त्यात MCWG, म्हणजे गिअरच्या मोटरसायकलसमोर १२-०५-२००६ ही तारीख होती. LMV, म्हणजे हलक्या वाहनासमोर मात्र २२-०९-२०२४. चारचाकीचं लायसन्स त्याने दुचाकीनंतर अठरा वर्षांनी जोडून घेतलं होतं आणि तो स्वतःच ते विसरला होता. अर्ज नाकारणाऱ्याने नियमच पाळला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७ प्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळायचं असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. दुचाकीची वर्षं त्यात धरली जात नाहीत. त्याचं एक वर्ष भरत होतं २२ सप्टेंबर २०२५ ला.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पुढच्या बाजूची पहिल्यांदा दिल्याची तारीख ही तुमच्या पहिल्यावहिल्या लायसन्सची असते. लायसन्स क्रमांकातलं सालही तेच सांगतं: MH12 2006 अशी सुरुवात असेल तर पुण्याच्या आरटीओने २००६ मध्ये पहिलं लायसन्स दिलं, एवढाच त्याचा अर्थ. कुठल्या वाहनासाठी, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी वर्गांचा तक्ता ओळीओळीने वाचावा लागतो. नव्या कार्डावर हा तक्ता मागे असतो. जुन्या कार्डांवर COV आणि DOI असे दोन रकाने असतात: पहिल्यात वाहनाचा वर्ग, दुसऱ्यात त्या वर्गाची तारीख.

तक्ता वाचताना चार कोड नीट ओळखता आले तरी बहुतेकांचं काम भागतं. MCWOG म्हणजे बिनगिअरची दुचाकी आणि MCWG म्हणजे गिअरची. मधल्या एका O ने सगळा फरक पडतो. स्कूटरवर चाचणी देऊन MCWOG घेतलेली मुलं पुढे बिनधास्त बाइक चालवतात आणि अपघात झाल्यावरच कार्ड नीट वाचलं जातं. LMV म्हणजे हलकं मोटार वाहन आणि TRANS म्हणजे त्याहून मोठं ट्रान्सपोर्ट वाहन. जुन्या कार्डांवर याच मोठ्या गाड्यांसाठी HGMV, HPMV असे वेगळे कोडही सापडतात.

LMV आणि TRANS यांच्यामधली रेषा समजून घेण्यासारखी आहे, कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. रेषा ७,५०० किलोची आहे आणि मालवाहू गाडीच्या बाबतीत ती मोजायची भरलेल्या गाडीच्या एकूण वजनावर, म्हणजे आरसीवर जे ग्रॉस वजन लिहिलेलं असतं त्यावर. गाडी त्या दिवशी रिकामी होती, हे कारण चालत नाही. आरसीवर ९,६०० किलो असेल आणि चालकाकडे फक्त LMV असेल, तर ती गाडी त्याच्या लायसन्सच्या बाहेरची आहे.

दुसऱ्या बाजूची चूक म्हणजे छोट्या टेम्पोसाठी उगाच ट्रान्सपोर्टच्या मागे लागणं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सांगितलं की LMV लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्यावर बरेच वाद झाले आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणारी वाहनं मात्र यात येत नाहीत, त्यांचे नियम वेगळेच राहिले. टॅक्सी-रिक्षावाल्यांना लागणारा बिल्लाही आपल्या जागी आहे. त्याचा क्रमांक आणि तारीख कार्डाच्या मागे वेगळ्या रकान्यात असते आणि त्याला लायसन्सचा वर्ग समजू नये.

आता मुदतीकडे येतो. माझ्या भावाची दुसरी अडचण इथेच होती आणि ती त्याच्या लक्षातही आली नव्हती.

कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असू शकतात. NT म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट, खासगी वापराची. TR म्हणजे ट्रान्सपोर्टची. ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याच्या बाबतीत TR जवळजवळ नेहमी आधी संपते, कारण ती पाच वर्षांचीच असते. पण माणूस कार्ड हातात घेतो आणि त्याला NT समोरची लांबची तारीख दिसते. मग तो निर्धास्त होतो. TR संपली तरी खासगी कार किंवा बाइक चालवायला हरकत नसते, पण मोठा ट्रक त्या दिवसापासून बंद. याउलट TR चं नूतनीकरण केलं म्हणून NT ची तारीख पुढे गेली असं धरून चालू नका. नवं कार्ड हातात आलं की दोन्ही तारखा पुन्हा वाचा.

भावाच्या कार्डावर अजून फक्त NT होती: ११-०५-२०२६. त्याला एजंटने सांगितलं होतं, "आता केलंस की पुन्हा वीस वर्षं बघायला नको." हे वीस वर्षांचं गणित जुन्या कायद्याचं आहे. तेव्हा पन्नाशीच्या आतल्या माणसाला वीस वर्षं किंवा पन्नासावं वर्ष, यातलं जे आधी येईल तितकी मुदत मिळायची. २०१९ च्या दुरुस्तीने ते बदललं. आता लायसन्स देताना किंवा नूतनीकरण करताना तुमचं वय तिशीच्या आत असेल तर मुदत चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळते. वय तीस ते पन्नासच्या आत असेल तर दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नच्या आत असाल तर साठाव्या वर्षापर्यंत आणि त्यानंतर दर वेळी पाच वर्षं. जुन्या कार्डावर छापलेली तारीख तशीच चालते, नवा हिशेब पुढच्या नूतनीकरणापासून लागतो. भाऊ मार्च १९८३ चा, म्हणजे बेचाळिशी पार केलेला. त्याला मिळणार होती दहा वर्षं. शिवाय चाळिशी ओलांडल्यामुळे स्वतःच्या सहीचं फॉर्म १ चं घोषणापत्र पुरत नाही, डॉक्टरचं फॉर्म १ए प्रमाणपत्र लागतं. ट्रान्सपोर्टसाठी ते कुठल्याही वयात लागतंच.

एजंट त्याला आणखी एक सांगून गेला होता: "मुदत संपल्यावर महिनाभर चालतं." हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, कारण कित्येक चालक आजही त्या तीस दिवसांच्या भरवशावर गाडी काढतात. ती सवलत कायद्यात होती, पण २०१९ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. आता मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे वैध लायसन्स नाही. वैध लायसन्सशिवाय गाडी चालवल्याचा कायद्यातला दंड ५,००० रुपयांचा आहे, पण खरी भीती अपघाताची. त्या दिवशी लायसन्स चालू नव्हतं हे दिसलं की विमा कंपनी नेमकं तेच पुढे करते.

लोकांचा गोंधळ होतो तो 'एक वर्ष' या शब्दांमुळे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. नंतरचं ते वर्ष फक्त अर्जासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही. उशिरा केलेलं नूतनीकरण त्या दिवसापासून लागू होतं, मधले रिकामे महिने ते भरून काढत नाही. आणि ते वर्षही उलटून गेलं तर चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते.

या हिशेबाने भावाला नूतनीकरणाचा अर्ज ११ मे २०२५ पासूनच करता येत होता. म्हणून मी त्याला क्रम बदलायला सांगितलं: आधी नूतनीकरण, मग TRANS. कारण नव्या वर्गाचं काम एका दिवसाचं नसतं. शिकाऊ लायसन्स काढा, निदान तीस दिवस थांबा, मोटार ट्रेनिंग स्कूलचं फॉर्म ५ चं प्रमाणपत्र आणा, मग चाचणी. शिकाऊ लायसन्स सहा महिन्यांचं असतं. एकदा चाचणीत नापास झालात, मध्ये एखादा महिना कामाच्या गडबडीत गेला, की मे महिना येतो आणि ज्या LMV वर सगळं उभं आहे तेच संपतं. त्याने जुलैमध्ये नूतनीकरण केलं, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा गाठून शिकाऊ लायसन्स काढलं आणि डिसेंबरात चाचणी पास झाला. आता त्याच्या कार्डावर TR समोर डिसेंबर २०३० मधली तारीख आहे. ती त्याने मोबाइलमध्ये वर्षभर आधीच्या आठवणीसह टाकून ठेवली आहे.

ज्यांचं लायसन्स पुस्तकाच्या काळातलं आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. कार्डावर काय छापलंय आणि सारथी या लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदीत काय आहे, हे दोन्ही जुळतंय का? पुस्तकातून संगणकात नोंदी चढवताना एखादा वर्ग राहून गेल्याची उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत. आमच्या काकांच्या पुस्तकात मोटरसायकल आणि कार दोन्हींचे शिक्के होते, ऑनलाइन नोंदीत फक्त कार. नूतनीकरणात नवं कार्ड ऑनलाइन नोंदीवरूनच छापलं जातं, त्यामुळे काकांच्या हाती आलेल्या कार्डावर मोटरसायकल नव्हतीच. पुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं म्हणून दुरुस्ती होऊ शकली, पण चार फेऱ्या पडल्या. अर्ज भरण्याआधी सारथीवर किंवा डिजिलॉकरमध्ये आपली नोंद उघडा आणि पुस्तकाशी किंवा कार्डाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. वर्ग गाळलेला दिसला तर ज्या आरटीओने मूळ लायसन्स दिलं तिथे जुनं पुस्तक दाखवून आधी नोंद पूर्ण करून घ्या. नूतनीकरण त्यानंतर.

धोकादायक मालाची, म्हणजे पेट्रोल, गॅस, रसायनांच्या टँकरची नोंद असलेल्यांसाठी तिसरी तारीख असते. ती तीन वर्षांची आहे आणि दर वेळी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण घेतल्याशिवाय पुढे जात नाही. त्यामुळे TR मध्ये दोन वर्षं शिल्लक असताना ही नोंद संपलेली असू शकते. कार्डाच्या मागे तिचा रकाना वेगळा असतो, तो कोरा असेल किंवा तारीख उलटून गेली असेल तर टँकरला हात लावू नका, LMV आणि TRANS दोन्ही चालू असले तरीही.

आणि ज्यांनी ट्रक कायमचा सोडला आहे, त्यांनी दर पाच वर्षांनी TR साठी धावपळ करायची गरज नाही. सारथीवर नको असलेला वर्ग परत करण्याची सोय आहे. मात्र तो एकदा सोडला की पुन्हा हवा असल्यास शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागेल हे धरूनच अर्ज करा.