मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असताना गर्भनिरोधक कसे निवडावे

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीला गर्भनिरोधनाचे बहुतेक मार्ग खुले असतात. अडचण येते ती मुख्यतः इस्ट्रोजेन असलेल्या साधनांची, आणि नेमके तेच साधन, म्हणजे महिनाभराच्या पाकिटात मिळणारी संमिश्र गोळी, सर्वांच्या ओळखीचे असल्यामुळे अनेकदा तपासणीशिवाय सुरू केले जाते. या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन असे दोन हार्मोन असतात. इस्ट्रोजेनमुळे यकृतात रक्तदाब वाढवणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती वाढते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. निरोगी तरुण स्त्रीच्या रक्तवाहिन्या हा भार सहज सोसतात. आधीच दाबाखाली असलेल्या किंवा वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने झिजलेल्या रक्तवाहिन्यांच्या बाबतीत पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. त्वचेवर लावायची पट्टी आणि योनीमार्गात ठेवायचे वलय यांतही इस्ट्रोजेन असते, म्हणून त्यांना गोळीचेच नियम लागू होतात.

१. आधी रक्तदाब नीट मोजून घ्या

निर्णय आकड्यावर ठरणार असल्याने तो आकडा खरा असला पाहिजे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी आणि तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसावे, पाय जमिनीवर सपाट ठेवावेत आणि दंड हृदयाच्या पातळीला टेकवावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजावे. घाईत घेतलेल्या एकाच आकड्यावरून कोणाला रक्तदाबाची रुग्ण ठरवू नये, तसेच एकदा आकडा बरा आला म्हणून निर्धास्तही होऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक साधनाची प्रत्येक आजारासाठी चार गटांत विभागणी केली आहे. पहिल्या गटातील साधन निर्धास्त वापरावे. दुसऱ्यातील साधनाचा फायदा धोक्यापेक्षा सहसा अधिक असतो. तिसऱ्यातील साधन दुसरा योग्य पर्याय नसेल तरच वापरावे. चौथ्यातील वापरूच नये. वरचा आकडा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ असेल तर संमिश्र गोळी तिसऱ्या गटात जाते, आणि १६० किंवा १०० गाठला की चौथ्या गटात. येथे एक गैरसमज फार होतो. औषध घेऊन रक्तदाब आटोक्यात आला असला, तरी ही गोळी तिसऱ्याच गटात राहते, कारण मूळचा आजार गेलेला नसतो. मात्र केवळ गरोदरपणात रक्तदाब वाढला होता आणि आता तो सामान्य आहे, अशा स्त्रीसाठी गोळी दुसऱ्या गटात येते.

२. मधुमेहाचा इतिहास गोळा करा

येथे साखरेच्या रोजच्या आकड्यापेक्षा मधुमेहाने रक्तवाहिन्यांचे काही नुकसान केले आहे का, हे अधिक महत्त्वाचे ठरते. त्यासाठी चार गोष्टी लिहून न्याव्यात: मधुमेह किती वर्षांपासून आहे, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी काय सांगते, लघवीत प्रथिन जाते का, आणि पायांना बधिरपणा आहे का. रक्तवाहिन्यांचा विकार नसेल तर इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीलाही संमिश्र गोळी दुसऱ्या गटातच येते. परंतु डोळे, मूत्रपिंड किंवा मज्जातंतूंवर परिणाम झाला असेल, किंवा मधुमेहाला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर ती तिसऱ्या किंवा चौथ्या गटात जाते. तीन महिन्यांचे प्रोजेस्टोजेनचे इंजेक्शनही अशा वेळी तिसऱ्या गटात जाते. रक्तातील चरबीवर त्याचा प्रतिकूल परिणाम होऊ शकतो, आणि एकदा दिलेले इंजेक्शन परत काढता येत नाही.

केवळ गरोदरपणात मधुमेह झाला होता आणि तो नंतर गेला, तर कोणत्याही साधनाला आडकाठी नाही.

३. धोके एकत्र धरा

चुका बहुधा याच पायरीवर होतात. छत्तीस वर्षांच्या एका काल्पनिक स्त्रीचे उदाहरण घेऊ. तिला सहा वर्षांपासून मधुमेह आहे, डोळे व मूत्रपिंड ठीक आहेत, ती धूम्रपान करत नाही, आणि रक्तदाब टेल्मिसार्टन घेऊनही १४६/९४ आहे. केवळ मधुमेह पाहिला तर संमिश्र गोळी दुसऱ्या गटात, केवळ रक्तदाब पाहिला तर तिसऱ्या गटात. दोन्ही एकत्र धरले की हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे अनेक धोके एकाच व्यक्तीत आहेत असे समजले जाते, आणि गोळी तिसऱ्या किंवा चौथ्या गटात जाते. इंजेक्शन दोन्ही आजारांसाठी स्वतंत्रपणे दुसऱ्या गटात असले तरी एकत्रित धोक्यामुळे तेही तिसऱ्यात जाते. ती धूम्रपान करत असती, तर पस्तिशीनंतर तेवढ्याच कारणाने गोळी टाळावी लागली असती.

तिच्यासाठी कॉपर-टी, म्हणजे तांबी, पहिल्या गटात राहते, कारण तिच्यात हार्मोनच नाही. हार्मोनयुक्त तांबी, दंडात त्वचेखाली बसवायचे इम्प्लांट आणि केवळ प्रोजेस्टोजेनची गोळी ही तिन्ही दुसऱ्या गटात आहेत.

४. उरलेल्या पर्यायांतून स्वतःसाठी निवडा

येथून पुढे प्रश्न सोयीचा आणि पाळीचा आहे. साध्या तांबीने पाळीत रक्तस्राव व पोटदुखी वाढू शकते. म्हणून पाळी आधीच जड असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर हार्मोनयुक्त तांबी मला अधिक योग्य वाटते, कारण तिने रक्तस्राव घटतो. मधुमेहात तांबीने जंतुसंसर्ग होतो अशी भीती अनेकींना असते, पण केवळ त्या कारणाने तांबी नाकारण्याची गरज नाही. गर्भाशयात काही बसवून घेणे नको असेल, तर इम्प्लांट किंवा प्रोजेस्टोजेनची गोळी निवडता येते. गोळी मात्र रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते. काही जुन्या प्रकारांत तीन तासांहून अधिक उशीर चालत नाही. ड्रोस्पिरेनोन असलेली गोळी रक्तातील पोटॅशियम वाढवू शकते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल यांसारखी औषधेही तेच करत असल्याने दोन्ही एकत्र घ्यायची असतील तर डॉक्टरांना आधी दाखवावे.

कंडोममुळे आजारावर काहीही परिणाम होत नाही, पण सर्वसाधारण वापरात वर्षभरात शंभरांपैकी सुमारे तेरा स्त्रियांना गर्भ राहतो. तांबी किंवा इम्प्लांटच्या बाबतीत हे प्रमाण एकाहूनही कमी आहे. वर उल्लेखलेली रक्तदाबाची औषधे गर्भाला अपाय करतात, त्यामुळे येथे हा फरक फार मोठा आहे.

५. बदल करताना आणि नंतर

सध्या संमिश्र गोळी घेत असाल आणि रक्तदाब वाढलेला आढळला, तर लवकर डॉक्टरांना भेटून दुसरे साधन सुरू करा आणि मध्ये एकही दिवस संरक्षणाविना जाऊ देऊ नका. संबंधानंतर घ्यायची आपत्कालीन गोळी या दोन्ही आजारांत घेता येते.

एका पोटरीत सूज व दुखणे, छातीत दुखणे, अचानक धाप लागणे, असह्य डोकेदुखी, दृष्टी अचानक जाणे, बोलणे अडखळणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. अन्यथा साधन सुरू केल्यावर तीन महिन्यांनी रक्तदाब पुन्हा मोजावा. मूल हवे असेल, तर तांबी किंवा इम्प्लांट काढण्यापूर्वीच रक्तदाबाची औषधे बदलून घ्यावीत आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, शक्यतो साडेसहाच्या खाली आणावा.