उडुपीच्या मठांची केस स्टडी करायला निघण्याआधी

‘धर्म आणि संघटना’च्या पेपरसाठी मी गेल्या वर्षी उडुपी घेतलं आणि ते फसलं. चार दिवसांत दीड वही भरली होती. पण प्रत्येक पानावर मी ‘उडुपी मठ’ एवढंच लिहिलं होतं, आणि घरी लिहायला बसल्यावर कळेना की यातली जमीन कोणाची, कर्ज कोणाचं आणि शिष्य कोणाचा. ‘उडुपी मठ’ नावाचा एकच एक मठ नाही. तिथे नऊ घरं आहेत: एक कृष्णमठ आणि आठ स्वतंत्र मठ. म्हणून निघण्याआधीच वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक रकाना आखा: कोणता मठ? बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

रेकॉर्डर, ओळखपत्र, मार्गदर्शकांचं पत्र, कन्नड येणारा सोबती: घ्या. कोकण रेल्वेचं तिकीट वेळेत काढा.

आठ नावं पाठ करून जा, आणि क्रमाने पाठ करा: पलिमारु, अदमारु, कृष्णापूर, पुत्तिगे, शिरूर, सोदे, काणियूर, पेजावर. (शिरूर म्हणजे पुणे जिल्ह्यातलं नव्हे.) मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात कृष्णाची स्थापना केली आणि पूजा आठ संन्यासी शिष्यांकडे सोपवली. पूजेची पाळी आधी दोन-दोन महिन्यांची होती, सोळाव्या शतकात वादिराजांनी ती दोन वर्षांची केली. या पाळीला ‘पर्याय’ म्हणतात. सम वर्षाच्या 18 जानेवारीला कृष्णमठाचा कारभार याच क्रमाने पुढच्या मठाकडे जातो. 2022ला कृष्णापूर, 2024ला पुत्तिगे, 2026ला शिरूर. आठ मठ, दोन-दोन वर्षं, म्हणजे एका मठाची पाळी सोळा वर्षांनी येते. आपल्याकडच्या माध्व घरांत उत्तरादि मठ किंवा राघवेंद्रस्वामींचा मठ ओळखीचा असतो. ते या आठांत येत नाहीत. गोव्यातल्या पर्तगाळी मठाची परंपरा पलिमारुपासून निघालेली आहे, पण तो वेगळा मठ आहे. त्यांची माहिती या वहीत मिसळू नका.

‘पर्यायाला स्वामी बदलतात’ हे वाक्य उडुपीत कोणीही सहज बोलतं, आणि मी ते उत्तराधिकाराच्या प्रकरणात लिहून टाकलं. पर्यायाला कोणाचाही वारस ठरत नाही. पाळी संपली की स्वामी आपल्या मठात परत जातात आणि तिथे तहहयात मठाधिपती असतात. वारस ठरतो तो त्यांच्या स्वतःच्या मठात, त्यांनी शिष्याला संन्यास दिला की. पाळी कृष्णमठाची, वारसा ज्याच्या त्याच्या मठाचा. तेव्हा पुन्हा तेच: पानावर मठाचं नाव.

जाण्याआधी 1954चा सर्वोच्च न्यायालयाचा शिरूर मठ निकाल वाचा. राज्यघटनेच्या पुस्तकातला उतारा पुरणार नाही, सुरुवातीची हकीकत वाचा, कारण त्यात मठाचा पैसा कसा चालतो ते दिसतं. तेव्हाच्या स्वामींना 1919मध्ये अज्ञान वयातच संन्यास मिळाला होता आणि 1926च्या सुमारास त्यांनी कारभार हाती घेतला. मठ आधीच कर्जात होता. त्यांनी बरंचसं फेडलं, तोवर पर्याय आला आणि पुन्हा कर्ज झालं. दुसरा पर्याय 1946चा, टंचाईचा आणि महागाईचा काळ, आणि कर्ज लाखाच्या घरात गेलं. मद्रासच्या धर्मादाय मंडळाने हस्तक्षेप केला तो यावरून. आता नीट बघा: उत्सव कृष्णमठाचा, अन्नदान कृष्णमठातलं, पण कर्ज शिरूर मठाच्या डोक्यावर. मी हा आकडा ‘उडुपी मठाचं कर्ज’ म्हणून लिहिला होता आणि माझं मालमत्तेचं अख्खं प्रकरण त्यामुळे कोसळलं.

निकालातला उपयोगाचा मुद्दा असा की कोणते विधी आवश्यक आहेत हे संप्रदाय ठरवेल, त्यात सरकारने पडायचं नाही. पण त्या विधींवर किती खर्च करायचा ही मालमत्तेच्या कारभाराची बाब आहे आणि तिथे कायदा येऊ शकतो. पर्याय करायचा की नाही हे मठाचं, पर्यायाला किती उधळायचं हे कायद्याच्या कक्षेत. मुलाखतीचे प्रश्न या रेषेवर बेता. वर्षभर आधीपासून केळी लावण्याचा, तांदळाचा, सरपणाचा आणि भाताचा असे चार मुहूर्त होतात. सरपणाचा तर रथासारखा ढीग रचतात. प्रत्येक मुहूर्ताला विचारा की हा खर्च कोणत्या मठाच्या खात्यातून गेला.

मालकीबद्दल एक सावधगिरी. मठाधिपती मालक नाही, आणि इंग्रजी कायद्यातला विश्वस्तही नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने 1921मध्येच सांगितलं. त्याने मठाची जमीन कायमच्या पट्ट्याने दिली तर तो पट्टा त्याच्या हयातीपलीकडे मठाला बांधत नाही. म्हणून जुना कागद हाती आला की तारखेबरोबर सही कोणत्या मठाच्या कोणत्या स्वामींची ते टिपा. 1974च्या कर्नाटकातल्या कूळकायद्यानंतर कुळांकडच्या जमिनी मठांकडे राहिल्या नाहीत, त्यामुळे जुन्या खंडाच्या वह्यांवरून आजचं उत्पन्न काढू नका. आज सेवा, देणग्या आणि संस्था बघाव्या लागतात.

उत्तराधिकारासाठी नमुना शिरूरचाच घ्या. जुलै 2018मध्ये तिथले लक्ष्मीवरतीर्थ वारले आणि मागे शिष्य नव्हता. अशा वेळी द्वंद्व मठ पुढे येतो. आठ मठांच्या चार जोड्या आहेत: पलिमारु-अदमारु, कृष्णापूर-पुत्तिगे, शिरूर-सोदे, काणियूर-पेजावर. एक गादी रिकामी पडली तर जोडीदार मठाचे स्वामी कारभार बघतात आणि वारस नेमतात. सोदे मठाच्या स्वामींनी 2021मध्ये शिरूरसाठी एका अल्पवयीन मुलाला नेमलं. त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि सप्टेंबर 2021मध्ये ते फेटाळलं गेलं. 1919लाही याच मठात अज्ञान वयातला संन्यास होता, हे शेजारी ठेवून वाचा. इथे नेमणारा सोदे, गादी शिरूरची. एका वाक्यात दोन मठ आले की दोन्ही नावं लिहा, ‘मठाने नेमलं’ असं लिहू नका. मी तसंच लिहिलं होतं.

कारभाराचा वाद हवा असेल तर 2008चा पुत्तिगे पर्याय बघा: स्वामी परदेशी जाऊन आले होते म्हणून इतर मठांनी त्यांच्या पूजेला हरकत घेतली. आठांच्या वर कोणी प्रमुख नाही, हे त्यातून कळतं. विचारताना दोन्ही बाजू विचारा.

पर्यायाच्या आठवड्यात जाऊ नका, बोलायला कोणालाही वेळ नसतो. मुलाखती त्याच रात्री उतरवा. फोटोंना नावं द्या: मठ, तारीख, काय. लिहिताना आधी नऊ पाकिटं करा, पानं त्यात टाका. जे पान कुठल्याच पाकिटात जात नाही, त्यासाठी उडुपी सोडण्याआधी परत जाऊन विचारा: कोणता मठ?