अनुदान अर्जातील टप्पे आणि निर्देशक : ऊसतोडीच्या पट्ट्यातील वाचन उपक्रमाचा अनुभव

बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत वाचनाचे वर्ग चालवणाऱ्या एका लहान संस्थेसाठी मी अनुदानाचे अर्ज लिहिते. या कामात नव्याने येणाऱ्यांना सर्वाधिक अडचण कामाचे टप्पे आणि मोजता येणारे निर्देशक ठरवताना येते, असे मी पाहिले आहे. म्हणून तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठीच्या एका वर्षाच्या वाचन उपक्रमाचे उदाहरण घेऊन त्याविषयी लिहीत आहे. त्यातील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

‘पहिल्या तिमाहीत शिक्षकांचे प्रशिक्षण, दुसऱ्या तिमाहीत वर्ग’ हे वेळापत्रक झाले. टप्पा म्हणजे ठरलेल्या तारखेला, बाहेरच्या माणसालाही कागद पाहून खात्री करता येईल अशी पूर्ण झालेली गोष्ट. ‘३१ जुलैपर्यंत पटावरील ३०० मुलांपैकी किमान २८५ मुलांची पायाभूत चाचणी पूर्ण, पुरावा म्हणून शाळानिहाय यादी, मुख्याध्यापकांच्या सहीसह’ असे लिहिले की देणगीदार संस्थेला काय तपासायचे ते कळते आणि आपल्या कार्यकर्त्यालाही काय जपून ठेवायचे ते कळते.

चाचणीसाठी ग्रामीण मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातील पातळ्या सोयीच्या पडतात : प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल एकेकटे समोर बसवून वाचायला द्यावे लागते. एका मुलामागे पाच मिनिटे धरली तरी ३०० मुलांना पंचवीस तास लागतात, आणि शाळाशाळांतील प्रवास वेगळा. हा वेळ आणि खर्च अंदाजपत्रकात नसेल, तर चाचणी घाईत उरकली जाते आणि पुढचे सगळे आकडे कच्चे राहतात.

अर्ज लिहिताना मुले कोणत्या पातळीवर आहेत हे अजून माहीत नसते. मग उद्दिष्ट कशाच्या आधारावर लिहायचे? अर्जाआधीच एक-दोन शाळांत छोटी चाचणी घेऊन अंदाज बांधावा, उद्दिष्ट टक्केवारीत लिहावे आणि प्रत्यक्ष संख्या पायाभूत चाचणीनंतर पंधरा दिवसांत कळवू, असे अर्जातच नमूद करावे. उद्दिष्ट असे असू शकते : ‘पायाभूत चाचणीत शब्द किंवा त्याखालच्या पातळीवर असलेल्या मुलांपैकी ६० टक्के मुले १५ मार्चपर्यंत किमान परिच्छेद वाचतील.’

या वाक्यातील खरा अवघड शब्द ‘पैकी’ हा आहे, कारण आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होताना उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि अनेक मुले त्यांच्याबरोबर जातात. काही मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण सगळी नाहीत. समजा, खालच्या पातळीवर १४० मुले होती, त्यांतील ३५ स्थलांतरित झाली आणि राहिलेल्या १०५ मुलांपैकी ६३ परिच्छेदापर्यंत पोहोचली. राहिलेल्या मुलांपैकी हे प्रमाण ६० टक्के येते. सुरुवातीच्या सर्व मुलांपैकी मात्र ४५ टक्केच. केवळ पहिला आकडा दिला तर गेलेली मुले हिशेबातून नाहीशी होतात, केवळ दुसरा दिला तर वर्गांचा परिणाम झाकला जातो. म्हणून दोन्ही आकडे देण्याचे अर्जातच ठरवून टाकावे, उद्दिष्ट कोणत्या आकड्याला लागू आहे तेही स्पष्ट लिहावे आणि स्थलांतरित मुलांची संख्या वेगळ्या ओळीत दाखवावी. निकाल हाती आल्यावर भाजक निवडला, तर तो प्रामाणिक असला तरी कोणाला पटत नाही.

याच कारणाने मधली चाचणी डिसेंबरात ठेवू नये. ती सप्टेंबरअखेर, कुटुंबे निघण्यापूर्वी घेतली, तर जाणाऱ्या मुलांचीही प्रगती नोंदली जाते.

वर्ग घेणाऱ्या ताईंनीच चाचणी घेतली, तर अडखळत वाचणाऱ्या मुलालाही वरची पातळी मिळण्याचा संभव असतो. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. मुलाशी जिव्हाळा जडलेला असतो. प्रत्येक शाळेतील दहापैकी एका मुलाची चाचणी त्याच आठवड्यात दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा घ्यावी. फरक वारंवार वरच्याच दिशेने दिसला, तर त्या शाळेची चाचणी पुन्हा करावी.

अनुदानाचे हप्ते कशाला जोडायचे, हे स्वाक्षरीपूर्वी नीट बोलून घ्यावे. दुसरा हप्ता ‘६० टक्के मुले वाचू लागल्यावर’ मिळणार असेल, तर ताईंचे मानधन मधेच थांबेल आणि वर्गच बंद पडतील. हप्ता आपल्या हातातील गोष्टींना जोडावा : चाचणी पूर्ण होणे, ठरलेल्या वर्गांपैकी किमान ८० टक्के वर्ग हजेरीपटासह झालेले असणे, खर्चाचा अहवाल सादर होणे. मुलांच्या प्रगतीचा आकडा अहवालात कारणांसह यावा, त्यावर चर्चा व्हावी. हंगाम लवकर सुरू झाल्यास मधल्या चाचणीची तारीख लेखी कळवून अलीकडे घेता येईल, हे वाक्यही करारनाम्यात घालून घ्यावे.