टोपीवर 'भ'चा 'म' होतो तेव्हा

बेळगावात शहापूरला एम्ब्रॉयडरीच्या दुकानात मी पंचिंग, म्हणजे चित्राचे मशीनसाठी टाके आखायला, शिकायला लागलो, तेव्हा लोगो आला की सरळ सॉफ्टवेअरमध्ये टाकून टाके पाडायचो. टी-शर्टच्या छातीवर ते बरेचदा खपून जायचं. टोपीनं मात्र पहिल्याच महिन्यात रडवलं.

खानापूरकडच्या एका क्रिकेट टीमची साठ टोप्यांची ऑर्डर होती. लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. गोल, मध्ये किल्ल्याचा बुरूज, मागे लाल ते पिवळा असा विरघळत जाणारा सूर्य आणि कडेनं गोलाकार अक्षरं, त्यात 'सीमाभाग' हा शब्द. बॅनरसाठी केलेला असल्यामुळे मोबाईलवर झकास दिसत होता. मी रात्री बसून पंच केला, सकाळी पहिली टोपी शिवली. मास्तरांनी ती हातात घेतली, लांब धरली आणि वाचली, "सीमामाग. हे कुठलं गाव रे?"

'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो केवढा! डावीकडची गाठ आणि शिरोरेखेतली बारीक फट. गाठ दोऱ्यानं भरून गेली, फट बुजली, झाला 'म'. 'ध' आणि 'घ' यांचंही तसंच होतं. इंग्रजी लोगोत 'e' आणि 'a' यांची पोटं बुजतात, पण शब्द वाचता तरी येतो. आपल्याकडे अक्षरच बदलतं.

त्या दिवशी मास्तरांनी एक हिशेब शिकवला. तो मी आजही पंचिंगच्या आधी कागदावर मांडतो. आमच्या टोपीच्या पुढच्या भागावर डिझाइनला उंची मिळते साधारण 55 मिलिमीटर. त्याच्या वर गेलं की टोपीचा गोलवा आडवा येतो. हा लोगो स्क्रीनवर 1000 पिक्सेल उंच होता, म्हणजे एक पिक्सेल 0.055 मिलिमीटरचा. अक्षरं 60 पिक्सेलची, म्हणजे टोपीवर 3.3 मिलिमीटर. शिरोरेखा 9 पिक्सेल, म्हणजे अर्धा मिलिमीटर. 'भ'ची फट 5 पिक्सेल, म्हणजे पाव मिलिमीटरच्या जरा वर. आता नेहमीचा 40 नंबरचा दोराच जवळपास 0.4 मिलिमीटर रुंद बसतो. दोऱ्यापेक्षा लहान फट उघडी राहणार कशी?

शिवाय शिरोरेखेचे टाके उभे पडतात. अशी सॅटिनची, म्हणजे शेजारी-शेजारी दाट टाक्यांची, पट्टी टाक्यांच्या दिशेनं आकसते आणि दोन्ही टोकांना बाहेर सरकते. फट असते नेमकी टोकाशी, त्यामुळे स्क्रीनवर उघडी दिसली तरी कापडावर ती मिटते. म्हणून पंच करताना शिरोरेखेचं ते टोक मी थोडं आखूडच ठेवतो.

माझा नियम असा: देवनागरी अक्षर शिरोरेखेपासून खाली 7 मिलिमीटर तरी हवं, मात्रा-वेलांट्यांची जागा वेगळी. इंग्रजी कॅपिटल 5 मिलिमीटरवर निभावतं. कुठलीही रेघ किंवा फट 1 मिलिमीटरच्या खाली नको. 60 नंबरचा बारीक दोरा आणि बारीक सुई लावून थोडं खाली जाता येतं, पण गर्दीच्या सीझनमध्ये साठ टोप्यांसाठी तो खटाटोप कोण करतंय!

सूर्याचं दुखणं वेगळं. दोरा एकाच रंगाचा असतो, तो विरघळत नाही. दोन रंगांचे टाके विरळ-दाट करत एकमेकांत मिसळवता येतात, पण त्याला जागा लागते. जॅकेटच्या पाठीवर ते शोभतं. टोपीवर सूर्य होता जेमतेम 20 मिलिमीटरचा, तिथं ते नुसतं ठिपक्या-ठिपक्यांचं दिसलं. शेवटी खालचा अर्धा केशरी, वरचा पिवळा, असे सरळ दोन तुकडे केले. बुरजावरच्या दगडांच्या रेघा काढून टाकल्या. सहा पाकळ्यांच्या टोपीला बरोबर मधोमध शिवण असते, बारीक रेघ तिच्यात बुडते.

गोलाकार अक्षरांना तर तिथं जागाच नव्हती. टीमच्या कॅप्टनला दुकानात बोलावलं, लोगो 55 मिलिमीटरला प्रिंट करून कापला आणि त्याच्याच डोक्यावरच्या टोपीला टाचला. मित्राला चार पावलं मागं उभं करून वाचायला सांगितलं. त्याला काही वाचता येईना. मग कॅप्टन स्वतःच म्हणाला, "मग नाव मागच्या बाजूला घाला की." मागे एका ओळीत अक्षरं 8 मिलिमीटरची बसली.

दुसरा नमुना कापडाच्या तुकड्यावर न घेता टोपीवरच घेतला. सपाट तुकड्यावर ना गोलवा असतो, ना बकरम, ना मधली शिवण, त्यामुळे तिथं सगळं छानच दिसतं. मास्तरांनी 'भ'च्या फटीत नख घालून पाहिलं आणि टोपी माझ्याकडे टाकली. "आता उरलेल्या लाव."