संस्कृत शब्दाचा कन्नड शेवट ओळखा

कर्नाटकात नव्याने राहायला आलात, तर कन्नड शब्दांचं पाठांतर शून्यापासून सुरू करू नका. सरकारी अर्ज, फलक, बातम्या यांतले कितीतरी शब्द संस्कृतातून आलेले आणि आपल्याही ओळखीचे असतात. बदलतो तो बहुधा शेवट, म्हणून आधी तोच पक्का करा.

मराठीतल्या 'भाषा', 'परीक्षा', 'समस्या' यांचं कन्नडमध्ये 'भाषे', 'परीक्षे', 'समस्ये' होतं. शाळा म्हणजे 'शाले'. हा ए आखूड उच्चारायचा. 'नगर', 'पुस्तक' असे शब्द तसेच राहतात, पण आपण 'नगर्' म्हणतो तसं तिथे चालत नाही; शेवटचा अ पूर्ण ऐकू यायला हवा. संस्कृत मनस्, वयस् यांची मराठीत मन, वय अशी रूपं झाली, कन्नडमध्ये मात्र 'मनस्सु', 'वयस्सु'.

शेवटावर एवढा भर कशाला, तर पुढचा प्रत्यय त्याच्यावरच ठरतो. आपल्या 'मध्ये'ला कन्नडमध्ये 'अल्लि'. तो जोडताना वस्तुवाचक अकारान्त शब्दाला मध्ये द लागतो: नगरदल्लि. ए असेल तर य: शालेयल्लि. 'मनस्सु'चं होतं मनस्सिनल्लि. त्यामुळे वहीत नुसता शब्द लिहू नका, शेजारी त्याचं 'अल्लि' लावलेलं रूपही लिहा. शेवट कोणत्या जातीचा आहे ते आपोआप लक्षात राहतं.

क्रियापदासाठी नामाला 'इसु' जोडतात. 'उपयोग'पासून 'उपयोगिसु', आणि त्याची आदरार्थी आज्ञा 'उपयोगिसि'. 'धूमपान निषेधिसलागिदे' हा फलक आता फोडून बघा. निषेध ओळखीचा, त्यापुढे इसु, आणि 'लागिदे' म्हणजे 'केलेला आहे'. धूम्रपानाला मनाई आहे, एवढाच अर्थ.

फसगत होते ती अर्थ सरकलेल्या शब्दांत. एखादा अर्ज घ्या: हेसरु, वयस्सु, विळास, उद्योग, दिनांक, सहि. वय, तारीख, सही लगेच कळतात. 'विळास' वाचून आपल्याला विलास आठवतो, पण तिथे पत्ता लिहायचा असतो. 'उद्योग'पुढे नोकरी लिहा, धंदाच असायला हवा असं नाही. बोलण्यातही असंच: 'अनुमान' म्हणजे शंका, 'अवसर' म्हणजे घाई. असे शब्द वहीत वेगळ्या पानावर ठेवा, आणि प्रत्येकासोबत ऐकलेलं एक अख्खं वाक्य लिहा, कारण सुटा शब्द वाचला की मराठी अर्थच पुन्हा वर येतो.

'हेसरु' म्हणजे नाव. तो मूळचा कन्नड आहे, तिथे संस्कृतची मदत नाही. घरगुती बोलण्यात असेच शब्द जास्त: नीरु (पाणी), मने (घर), ऊट (जेवण), बा (ये), होगु (जा). पाणी मागताना 'जल' म्हटलंत तर अर्थ पोहोचेल, पण तसं कुणी बोलत नाही. हे शब्द, आकडे आणि सर्वनामं मात्र सरळ पाठच करावी लागतात.