बिघाड वॉरंटीत, आणि दोष म्हणे तुमचाच! पत्र लिहिताना या चुका टाळा

आमचं वॉशिंग मशीन 19 महिन्यांचं, वॉरंटी 2 वर्षांची. एका सकाळी मधेच बंद पडलं. कंपनीचा टेक्निशियन आला, झाकण उघडलं आणि पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळा झाला: "पीसीबी गेलाय. तुमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं. वॉरंटीत बसत नाही, 6,800 होतील." पीसीबी म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. मी जॉब शीटवर सही केली आणि त्याला चहा दिला.

चहा ठीक होता, सही चुकली. तो गेल्यावर वाचलं तर सहीच्या वर लिहिलेलं, 'हाय व्होल्टेज, ग्राहकाची चूक.' पुढे दुकानदारापासून कॉल सेंटरपर्यंत सगळे तोच कागद नाचवत राहिले. सही करायचीच तर आधी स्वतःच्या अक्षरात लिहा, 'मशीन पाहून गेले. कारण मान्य नाही', आणि फोटो काढून ठेवा. सही होऊन गेली असेल तर त्याच दिवशी ई-मेल टाका, की सही फक्त भेटीची पोच म्हणून केली होती. उशीर कराल तेवढं ते लंगडं वाटतं.

माझी दुसरी चूक जास्त महागात पडली, कारण ती मला चूक वाटतच नव्हती. पहिलं पत्र दीड पानांचं होतं आणि त्यात मी स्वतःचा बचाव करत होतो. घरातला फ्रिज नीट चालतो, टीव्ही चालतो, मशीन आम्ही किती जपून वापरतो वगैरे. उत्तर एका ओळीत आलं: 'तपासणीत वापरातील दोष आढळला.' त्यांचा अंदाज मीच चर्चेचा विषय करून ठेवला होता. मशीन बिघडलंय हे दाखवणं आपलं काम, ते जॉब शीटवरूनच दिसतं. पण बिघाड तुमच्यामुळे झाला, असं जो म्हणतो त्याने ते दाखवावं. तेव्हा पत्रात सफाई देऊ नका, प्रश्न विचारा. माझ्या दुसऱ्या पत्रातला मजकूर असा होता:

"वॉरंटी कार्डातील कोणत्या अटीनुसार दावा नाकारला, तिचा क्रमांक कळवावा. भेटीच्या वेळी व्होल्टेज मोजले होते का? असल्यास आकडा द्यावा. पीसीबीवरील नेमका कोणता भाग जळला, त्याचा फोटो व लेखी तपासणी अहवाल द्यावा. 15 दिवसांत हे न दिल्यास पीसीबी वॉरंटीत विनामूल्य बदलून द्यावा."

टेक्निशियनने मीटर बाहेरच काढला नव्हता, म्हणून दुसरा प्रश्न. तिसऱ्याचं कारण थोडं तांत्रिक आहे. बऱ्याच पीसीबींवर वीज आत येते तिथे फ्यूज आणि व्हॅरिस्टर नावाची छोटी चकती असते. मोठा दाब आला तर सहसा आधी ही चकती तडकते किंवा काळी पडते आणि फ्यूज उडतो. दोन्ही शाबूत असतील आणि भलताच एखादा भाग गेला असेल, तर 'हाय व्होल्टेज'वर शंका घ्यायला जागा आहे. हा पक्का पुरावा नव्हे, पण विचारण्याजोगा प्रश्न नक्की आहे. उलट चकती खरंच फुटलेली दिसली, तर भांडण जपून करा.

हे सगळं पाहायला जुना पीसीबी हवा ना? कपडे साचतात म्हणून लोक पैसे भरून दुरुस्ती करून घेतात आणि बिघडलेला भाग टेक्निशियन घेऊन जातो. मग तपासायला उरतं काय? पैसे भरणं भागच असेल, तर पावतीवर 'हरकत नोंदवून भरले' असं लिहा आणि जुना भाग लेखी मागा. तो देत नसतील, तर निदान दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घ्या. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं आणि तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागू शकतं, तेवढी तयारी ठेवा.

पत्र फक्त दुकानदाराला लिहिलंत तर तो कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी सर्व्हिस सेंटरकडे. एकच पत्र दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांच्या नावे करा, बिल क्रमांक, सीरियल नंबर आणि बिघाडाची तारीख पहिल्याच परिच्छेदात घाला. ई-मेल कराच, शिवाय पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा. फोनवरचं आश्वासन मोजू नका.

दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि त्यानंतर जिल्हा आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूची दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं, आणि पत्रांची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ती वाढत नाही.

माझ्या दुसऱ्या पत्राला अकराव्या दिवशी उत्तर आलं. अट क्रमांक नव्हता, आकडा नव्हता, फोटो नव्हता. 'विशेष बाब म्हणून' पीसीबी फुकट बदलून देत आहोत, एवढंच होतं. या खेपेला जॉब शीट मी दोनदा वाचली.